"दाजी, फक्त एक सही हवी आहे"

तालुक्याच्या गावातल्या एका नागरी पतसंस्थेत मी अकरा वर्षं नोकरी केली. त्यातली शेवटची सहा वर्षं वसुली विभागात गेली. "फक्त सहीसाठी आणलंय त्यांना, हप्ते मीच भरणार आहे," हे वाक्य मी काउंटरच्या आतल्या बाजूने किती वेळा ऐकलं त्याला गणती नाही. म्हणणारा बहुतेक वेळा खरंच बोलत असायचा. त्याला हप्ते भरायचेच असायचे. शेजारी उभा असलेला मेहुणा, साडू किंवा चुलतभाऊ पगाराची स्लिप आणि आधार कार्डाची झेरॉक्स पुढे करायचा, मी बोट ठेवेन तिथे सह्या करायचा आणि चहा पिऊन दोघं जायचे. दहा मिनिटांचं काम.

त्या दहा मिनिटांत नेमकं काय घडतं, हे सही करणाऱ्याला कोणी सांगत नाही. मीही सांगत नव्हतो, आणि ते मला आजही टोचतं. म्हणून हा लेख.

सहीच्या वर काय लिहिलेलं असतं

जामीनदाराच्या हमीपत्रात बारीक अक्षरांत एक ओळ असते. शब्द थोडेफार बदलतात, पण आशय हाच: "कर्जाची रक्कम, व्याज व खर्च यांच्या परतफेडीस कर्जदार व आम्ही जामीनदार संयुक्तपणे व वैयक्तिकरीत्या जबाबदार आहोत." यातला "वैयक्तिकरीत्या" हा शब्द सगळ्यात महत्त्वाचा. त्याचा अर्थ असा, की संस्था पूर्ण रक्कम एकट्या तुमच्याकडे मागू शकते. निम्मी नाही, तिसरा हिस्सा नाही, सगळीच्या सगळी.

लोकांची समजूत वेगळी असते. आधी कर्जदाराच्या मागे लागतील, त्याचं सामान विकतील, तरी कमी पडलं तर आपल्याकडे येतील, असं त्यांना वाटतं. भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे. त्याचं कलम १२८ सांगतं, की करारात वेगळं काही ठरलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद या जुन्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे आणखी स्पष्ट केलं. बँकेने आधी कर्जदाराकडचे सगळे मार्ग संपवावेत आणि मगच जामीनदाराकडे वळावं, अशी अट घालता येणार नाही. तसं केलं तर जामीन घेण्याला अर्थच उरणार नाही, असा त्या निकालाचा रोख आहे.

वसुलीच्या टेबलावरून हे फार साधं दिसतं. महिनाअखेरीला थकबाकीची यादी समोर येते. कर्जदाराचा फोन बंद आहे, दुकानाला कुलूप आहे. दोन जामीनदारांपैकी एकाची कोरडवाहू दोन एकर चार भावांत आहे. दुसरा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे, दर महिन्याला त्याचा पगार जमा होतो. पहिली नोटीस कोणाला जाणार? ज्याच्याकडून पैसे लवकर मिळतील त्याला. गुन्हा कोणाचा, हा प्रश्न तिथे कोणी विचारत नाही.

एका कर्जाचा हिशेब

आकड्यांशिवाय हे कळत नाही, म्हणून एक उदाहरण घेतो. अशी प्रकरणं मी डझनांनी पाहिली आहेत. त्यांतली नेहमी दिसणारी गोष्ट एकत्र करून मांडतोय.

साडूचा मंडप-डेकोरेशनचा धंदा. नवीन खुर्च्या, साउंड आणि लायटिंगसाठी ६,००,००० रुपये कर्ज, व्याज १४ टक्के, मुदत ६० महिने. मालाचं नजरतारण आणि दोन जामीनदार. त्यातले एक आपले शिक्षक, त्यांना गुरुजी म्हणू. मासिक हप्ता येतो १३,९६१ रुपये.

साडू प्रामाणिक माणूस. १४ हप्ते त्याने वेळेवर भरले, म्हणजे जवळपास १,९५,००० रुपये. मग दोन लग्नसराईंची उधारी अडकली, घरात दवाखाना निघाला, आणि हप्ते थांबले. आता बाकी किती असेल? बहुतेक जण मनातल्या मनात ६ लाखांतून १ लाख ९५ हजार वजा करतात. प्रत्यक्षात बाकी असते सुमारे ४,९५,०००. सुरुवातीच्या हप्त्यांतला मोठा भाग व्याजात जातो. १४ हप्त्यांनंतर मुद्दल जेमतेम १ लाख ५ हजारांनी उतरलेलं असतं.

हप्ते थकल्यावर लगेच कोणी दारात येत नाही. आधी फोन, मग पत्र, मग "मार्चअखेरला काहीतरी भरा" अशी विनवणी. साडू दर वेळी म्हणतो, "पुढच्या महिन्यात." गुरुजींना यातलं काहीच माहीत नसतं, किंवा एक पत्र आलेलं असतं आणि साडूने "मी बघतो, तुम्ही टेन्शन घेऊ नका" म्हणून ते परत नेलेलं असतं. अशात २० महिने सहज जातात. १४ टक्के व्याज आणि त्यावर २ टक्के दंडव्याज धरलं, तर ४,९५,००० वर २० महिन्यांत सुमारे १,३२,००० रुपये चढतात. मागणी होते ६,२७,००० ची, आणि नोटिशीचा व वसुलीचा खर्च वेगळा. १४ हप्ते भरूनही मागणीचा आकडा मूळ कर्जापेक्षा मोठा झालेला असतो. गुरुजी नोटीस हातात घेऊन आमच्याकडे यायचे तेव्हा पहिला प्रश्न हाच असायचा, "अहो, त्याने तर भरले होते ना पैसे?"

माल विकून वसूल का होत नाही? कारण नजरतारणातला माल कर्जदाराच्याच ताब्यात असतो. आमची माणसं पंचनाम्याला गेली, की गोदामात मोडक्या खुर्च्या आणि उंदरांनी कुरतडलेलं कापड सापडायचं. साउंड केव्हाच दुसऱ्याला विकलेला असायचा.

आता समजा गुरुजींच्या पगारातून दरमहा १५,००० रुपये कापायचं ठरलं. १६ टक्के दराने मुद्दलावर महिन्याला साडेसहा हजारांच्या आसपास व्याज चालूच आहे. आधी साठलेलं व्याज फिटणार, मग मुद्दल. या गतीने कर्ज संपायला जवळपास पाच वर्षं लागतात आणि गुरुजींच्या खिशातून एकूण ९ लाखांच्या आसपास रक्कम जाते. त्यांचा हातात येणारा पगार ६८,००० आणि स्वतःच्या घराचा हप्ता २४,००० असेल, तर घरखर्चाला २९,००० उरतात. त्याच पाच वर्षांत मुलगी बारावी होऊन इंजिनिअरिंगला जायची असते.

एकशे एकचा दाखला

सहकारी संस्थेचं कर्ज असेल तर वसुलीचा रस्ता कोर्टापेक्षा बराच आखूड आहे, आणि जामीनदारांना तो माहीत नसतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम १०१ खाली संस्था उपनिबंधक किंवा सहायक निबंधकाकडे अर्ज करते. सोबत खातेउतारा आणि कर्जाची कागदपत्रं जोडते. कर्जदाराला आणि जामीनदारांना नोटीस निघते, सुनावणीची तारीख पडते आणि वसुली दाखला मिळतो. त्या दाखल्यावरून जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली करता येते. पुढे कलम १५६ खाली वसुली अधिकारी मागणी नोटीस काढतो, मग जप्ती, मग लिलाव. शेतजमीन असेल तर सातबाऱ्याच्या इतर हक्कांत बोजा चढतो.

सुनावणीच्या तारखेला जामीनदार येत नाहीत. "कर्ज त्याचं, मी कशाला जाऊ?" हे उत्तर मी शेकडो वेळा ऐकलं. ही फार महागाची चूक आहे. आपली बाजू मांडायची जागा तीच असते. खातेउताऱ्याची प्रत मागा, भरलेल्या पावत्या जमा दिसतात का ते बघा, दंडव्याज करारात लिहिल्याप्रमाणेच लावलंय का ते तपासा, सही आपलीच आहे का ते पाहा, कर्जदाराच्या मालमत्तेची माहिती लेखी द्या. दाखला एकदा निघाला, की त्याविरुद्ध पुनरीक्षण अर्ज करायचा तर कलम १५४ प्रमाणे थकीत रकमेच्या ५० टक्के आधी संस्थेत भरावे लागतात. वरच्या उदाहरणात ते ३ लाखांहून जास्त झाले. तेवढे हाताशी असते तर गुरुजी एवढे घाबरले नसते.

बँकेचं किंवा फायनान्स कंपनीचं कर्ज असेल तर रस्ता वेगळा असतो, पण तिथे आणखी एक गोष्ट होते. तुम्ही जामीन राहिलात याची नोंद तुमच्या स्वतःच्या क्रेडिट रिपोर्टमध्ये होते. हप्ता थकला की डाग तुमच्याही नावावर दिसतो. नंतर मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज मागायला गेलात, की तिथला अधिकारी विचारतो, "हे कोणाचं आहे?" पतसंस्थेचं कर्ज त्या रिपोर्टमध्ये असेलच असं नाही, त्यामुळे रिपोर्ट स्वच्छ दिसला म्हणून निश्चिंत राहू नका.

जिथे लोक जास्त फसतात

काही गोष्टी सहीच्या वेळी इतक्या सहज होतात, की नंतर आठवतही नाहीत. "साक्षीदार म्हणून सही करा" असं म्हणून जामीनदाराच्या रकान्यात सही घेतली जाते. रकान्यावरचं शीर्षक वाचायला दोन सेकंद लागतात, ते वाचाच. कोरे फॉर्म भरायला "नंतर वेळ मिळेल" म्हणून सह्या आधी घेतल्या जातात. जामीनदाराकडूनही कोरे चेक मागितले जातात. तो चेक पुढे रक्कम टाकून लावला आणि वटला नाही, तर चेक न वटल्याची फौजदारी तक्रार जामीनदारावरही होऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने तसं म्हटलेलं आहे.

मला सगळ्यात जास्त वाईट वाटायचं ते निवृत्तीला आलेल्या लोकांचं. त्यांची ठेव आमच्याच संस्थेत असायची आणि भाच्याच्या कर्जाला जामीनही ते आमच्याचकडे. पेन्शन आणि भविष्य निर्वाह निधीला जप्तीपासून कायद्याचं संरक्षण आहे, हे त्यांना माहीत असायचं. पण हमीपत्रात आणखी एक ओळ असायची, की जामीनदाराची ठेव व शेअर्स संस्था कर्जापोटी रोखून धरू शकेल. मुदत संपल्यावर ठेव काढायला आलेल्या माणसाला ती मिळणार नाही, हे सांगायचं काम माझ्याकडे यायचं. त्यांच्या हातात घरच्या कार्याचा खर्च लिहिलेला कागद असायचा.

आणि मृत्यूने जामीनकी संपत नाही. कर्जदार गेला तरी जामीनदार अडकलेलाच असतो. जामीनदार गेला तर त्याच्या इस्टेटीतून वारसांना जे मिळालं, तेवढ्यापुरती वसुली त्यांच्याकडून होऊ शकते. वारसांच्या स्वतःच्या कमाईवर ती येत नाही. पण बापाचं घर हीच मुलांची सगळी इस्टेट असेल तर या फरकाचा काय उपयोग?

सही करून बसला असाल तर

मुदतीच्या कर्जाची जामीनकी आपल्या एकट्याच्या पत्राने मागे घेता येत नाही. संस्था दुसरा जामीनदार मान्य करून तुम्हाला लेखी मोकळं करेल, तेव्हाच सुटका होते. तसा अर्ज हप्ते नियमित चालू असताना करा. थकबाकी झाल्यावर कोणी ऐकत नाही. व्यापाऱ्याच्या कॅश क्रेडिट खात्याला जामीन असाल तर परिस्थिती जरा बरी आहे. ती चालू स्वरूपाची हमी असते, आणि लेखी नोटीस देऊन पुढच्या व्यवहारांपुरती ती मागे घेता येते. त्या दिवसापर्यंतची बाकी मात्र तुमच्यावर राहते. नोटिशीच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्यायला विसरू नका.

दर तीन महिन्यांनी संस्थेत जाऊन खातेउतारा मागा. कर्जदाराला राग येईल, येऊ द्या. दोन हप्ते थकल्यावर कळलं तर २८ हजारांचा प्रश्न असतो, वीस महिन्यांनी कळलं तर सव्वासहा लाखांचा. "नवं-जुनं" करायचं म्हणून पुन्हा सह्या मागायला आले तर तिथेच थांबा. जुनं कर्ज फेडल्याचं दाखवून त्याच रकमेचं, बऱ्याचदा वाढीव रकमेचं नवीन कर्ज काढलं जातं आणि तुमची जबाबदारी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होते. बाहेर पडायची संधी असते ती हीच.

आणि पैसे भरावेच लागले, तर पावती स्वतःच्या नावाने घ्या, "जामीनदार म्हणून भरणा" असा शेरा लिहून. साडूच्या हातात रोख देऊन "भरून ये" म्हणू नका. भरलेली रक्कम कर्जदाराकडून मागण्याचा हक्क कायद्याने तुम्हाला आहे, दुसऱ्या जामीनदाराकडून त्याचा वाटा मागण्याचाही. दिवाणी दाव्याची मुदत साधारण भरल्यापासून तीन वर्षं असते. अर्थात ज्याच्याकडून संस्थेला मिळालं नाही, त्याच्याकडून तुम्हाला मिळणं अवघडच. तरी पावती असावी.

नाही कसं म्हणायचं

आता खरी अडचण. कायदा कळला तरी सासूबाईंचा फोन आल्यावर जीभ वळत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे "विचार करून सांगतो" असं म्हणू नका. तुमच्या दृष्टीने ती टाळाटाळ असते. समोरच्याला तो होकार वाटतो. तो संस्थेत जाऊन अर्जात तुमचं नाव लिहून मोकळा होतो, मालाचं बुकिंग करून ॲडव्हान्स देतो, आणि मग येऊन सांगतो, "दाजी, सगळं झालंय, फक्त तुमच्या सहीसाठी अडलंय." त्या क्षणी नाही म्हणणारा माणूस दुष्ट ठरतो. तेच पहिल्या दिवशी म्हटलं असतं, तर फक्त नाराजी झाली असती.

खोटी कारणंही चालत नाहीत. "माझ्यावर सोसायटीचं कर्ज आहे" म्हणालात, तर तो म्हणेल, "मी विचारून आलोय, चालतंय त्यांना." "साहेबांची परवानगी लागते" म्हणालात, तर तो साहेबांच्या ओळखीचा माणूस शोधून आणेल. प्रत्येक कारणाला तोडगा निघतो. ज्याला तोडगा निघत नाही, असं उत्तर घरात आधी ठरवून ठेवायचं असतं: "आम्ही दोघांनी ठरवलंय, कोणालाच जामीन राहायचं नाही. माझ्या सख्ख्या भावाने मागितलं तरी हेच सांगेन." यात त्याच्यावर अविश्वास नाही, त्याच्या धंद्यावर शेरा नाही. फक्त हे वाक्य खरं असायला हवं. पुढच्या वर्षी खरोखरच भावाला सही दिलीत, तर साडू ते आयुष्यभर विसरणार नाही.

हे ठरवताना नवरा-बायको दोघांनी एकत्र बसायला हवं. जामीनकीची मागणी बहुतेक वेळा ज्याच्या बाजूचं नातं, त्याच्यामार्फत येते. साडूला पैसे हवे असले की तो आधी बायकोकडून तिच्या बहिणीला फोन करायला लावतो. मग नवऱ्याने नाही म्हटलं, की ते "माझ्या माहेरच्यांना नाही म्हटलं" असं होतं आणि वर्षभर घरात त्याचा विस्तव धुमसत राहतो. म्हणून नकार नातं ज्याचं आहे त्याने द्यावा. बहिणीला बहिणीने सांगावं: "ताई, ह्यांना सही करायला मीच नको म्हटलंय. आमच्या दोन पोरांचं शिक्षण एका पगारावर आहे."

मोठी माणसं मध्ये पडतात तेव्हा वाद घालू नये, आकडा सांगावा. "जावईबापू, पोरीचं घर उभं राहतंय, तुम्ही मागे हटू नका," असं सासूबाई म्हणाल्या, तर "आई, त्यांनी भरले नाहीत तर माझ्या पगारातून महिन्याला पंधरा हजार पाच वर्षं कापले जातील. मग तुमच्या दुसऱ्या पोरीचं घर कसं चालेल?" एवढं पुरे. जुन्या पिढीला जामीन म्हणजे शब्द वाटतो, पगारकपात त्यांच्या डोळ्यांसमोर नसते. ती दाखवली की त्यातल्या बऱ्याच जणी गप्प होतात. काही जणी तर साडूलाच समजावतात.

नकारासोबत काही देता आलं तर जरूर द्या, पण ती रक्कम ठरलेली असावी आणि परत येणार नाही असं धरून द्यावी. ३० हजार द्या, ५० हजार द्या, जे तुमच्या घराला झेपेल ते. सहीची रक्कम तुमच्या हातात नसते. ५० हजार गेले तर वाईट वाटेल, पण घर हलणार नाही.

आणि कर्ज दुसऱ्या कुठल्या वाटेने मिळतं का, ते बघायला त्याच्याबरोबर एक दिवस घालवा. सोनेतारण कर्जाला जामीनदार लागत नाही. एलआयसीच्या जुन्या पॉलिसीवर कर्ज मिळतं. छोट्या धंद्यासाठी मुद्रा योजनेचं कर्ज बँका तारणाशिवाय देतात. त्यातल्या किशोर गटाची मर्यादा ५ लाखांपर्यंत आणि तरुण गटाची १० लाखांपर्यंत आहे. पण त्यासाठी धंद्याचे कागद, बँक खात्याची उलाढाल आणि रिटर्न लागतात. ते कागद जुळवताना धंदा सहा लाखांचं ओझं पेलणारा आहे की नाही, हेही दोघांना दिसून येतं. कधी कधी दिसतं, की दोन लाखांत काम भागतंय, उरलेल्या खुर्च्या हंगामात भाड्याने आणता येतात.

नकार दिल्यावर थोडे दिवस अबोला राहील. गणपतीला फोन येणार नाही कदाचित. मी मात्र सुनावणीच्या दिवशी निबंधक कार्यालयाच्या व्हरांड्यात साडू-साडू दोन टोकांच्या बाकांवर बसलेले पाहिले आहेत. त्यांच्या बायका, सख्ख्या बहिणी, खाली झाडाखाली एकमेकींकडे पाठ करून उभ्या असायच्या. त्यांच्यात पहिल्या दिवशी कोणी नाही म्हटलेलं नव्हतं.

नोकरीच्या शेवटच्या वर्षातली एक दुपार आठवते. एक बाई धाकट्या भावाबरोबर आल्या होत्या, त्याच्या दुकानाच्या कर्जाला जामीन राहायला. अंगणवाडीत काम करायच्या. मी फॉर्म पुढे केला, पेन दिलं. त्यांनी पर्समधून चष्मा काढला आणि हमीपत्र मोठ्याने वाचायला लागल्या, शाळेत धडा वाचावा तसं. "संयुक्तपणे व वैयक्तिकरीत्या" या शब्दांपाशी थांबल्या. "साहेब, याचा अर्थ काय?" मी इकडेतिकडे पाहिलं. व्यवस्थापक आत होते. मी सांगितलं, "याने नाही भरले तर सगळे तुम्हाला भरावे लागतील."

त्यांनी पेनाचं टोपण लावलं, चष्मा घडी करून ठेवला. भावाचा चेहरा उतरला होता. त्या त्याला म्हणाल्या, "बाळा, दुकानाचं दोन महिन्यांचं भाडं मी देते, ते मला परत देऊ नकोस. पण ही सही नाही." तो काही न बोलता जिना उतरून गेला. त्याच्या मागोमाग त्या गेल्या, धावतच. काही आठवड्यांनी तो एकटाच परत आला, बायकोचं मंगळसूत्र आणि दोन बांगड्या घेऊन. सोनेतारणावर त्याने दोन लाख काढले. मी नोकरी सोडेपर्यंत त्याचा एकही हप्ता चुकला नव्हता, आणि दर महिन्याला भरणा करायला यायची ती त्याची बहीण, त्याने दिलेले पैसे मोजून, पावती नीट घडी करून पर्समध्ये ठेवत.